पी/ई चार, तरीही शेअर महाग: तेजीतल्या सूतगिरणीचा नफा कसा मोजायचा

सूतगिरणीचा शेअर दीडशे रुपयांना मिळतोय, गेल्या वर्षभरात कंपनीने शेअरमागे 36 रुपये कमावले आहेत, म्हणजे भाव नफ्याच्या जेमतेम चौपट, पी/ई चार. औषध कंपन्या, साबण-तेलवाल्या कंपन्या वीस ते साठ पी/ईला विकल्या जात असताना हा आकडा पाहिला की हात आपोआप खरेदीच्या बटणाकडे जातो. हिशेबही सोपा वाटतो: चार वर्षांत पैसे वसूल, पुढचं सगळं फुकट.

या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे कंपनी पुढची चार वर्षं दर वर्षी 36 रुपये कमावणार आहे. सूतगिरणीच्या धंद्यात हे जवळजवळ कधीच होत नाही. तेजीच्या टोकाला नफा सर्वांत मोठा असतो, म्हणून भागाकारात खालचा आकडा फुगतो आणि पी/ई लहान दिसतो. मंदीत उलट होतं. नफा आटतो आणि पडलेल्या भावातही पी/ई भलामोठा दिसतो, किंवा तोटा असल्यामुळे दिसतच नाही. त्यामुळे अशा धंद्यात पी/ई सर्वांत स्वस्त दिसतो तो नेमका सर्वांत धोक्याच्या वेळी. याला मूल्यसापळा म्हणतात, कारण शेअर स्वस्त असल्याची खूण आणि तो महाग असल्याची खूण इथे एकसारखीच दिसते.

पोलाद, साखर, सिमेंट, कागद, रसायनं, सगळीकडे हे घडतं. मी सूतगिरणीच घेतोय, कारण आपण सोलापूरकर टॉवेल आणि चादरीच्या निमित्ताने रोज सूत विकत घेणारी माणसं आहोत. सुताचा भाव आपल्याला बाजारात कळतो. तो गिरणीच्या तिमाही निकालात उतरायला काही महिने लागतात. ही माहिती इथल्या गुंतवणूकदाराच्या हातात असते आणि तो ती क्वचितच वापरतो.

आधी दहा वर्षं बघा, एक वर्ष नाही

कंपनीचं पान screener.in वर उघडा आणि वार्षिक नफा-तोट्याच्या तक्त्यात `OPM %` ही ओळ डावीकडून उजवीकडे वाचा. विक्रीतून कच्चा माल, वीज, मजुरी वगैरे चालू खर्च वजा जाऊन शंभर रुपयांमागे किती उरलं, ते ही ओळ सांगते. साबण विकणाऱ्या कंपनीत हा आकडा वर्षानुवर्षं एकाच पट्ट्यात फिरतो. सूतगिरणीत तो सात, नऊ, आठ, दहा असा चालत असतो आणि मध्येच एखाद्या वर्षी अठरा-वीस होतो. असं एकटंच उंच वर्ष दिसलं आणि आजचा पी/ई त्याच वर्षाच्या नफ्यावर काढलेला असला, तर तो आकडा तिथेच बाजूला ठेवायचा. पुढचं काम त्याच्याशिवाय करायचं.

दहा वर्षं यासाठी की त्यात एक पूर्ण चक्र तरी सापडतं. पाच वर्षांच्या सरासरीत कधी नुसती तेजीच येते, कधी नुसती मंदी.

गिरणीची खरी कमाई: सूत आणि रुई यांच्या भावातलं अंतर

सूत महागलं म्हणजे गिरणीला फायदा झाला, असा सरसकट समज आहे आणि तो अपुरा आहे. गिरणीची कमाई ठरते सुताचा भाव आणि त्यात गेलेल्या रुईचा भाव यांच्यातल्या अंतरावर. बाजारात याला स्प्रेड म्हणतात. वीज, मजुरी, दुरुस्ती, व्याज, घसारा हे सगळं या अंतरातूनच भागवायचं असतं.

स्प्रेड घरबसल्या काढता येतो. रुईचा भाव खंडीवर सांगतात आणि एक खंडी 356 किलोची. कापूस पिंजताना, विंचरताना काही भाग वाया जातो, म्हणून एक किलो सुताला एक किलोपेक्षा जास्त रुई लागते. साध्या कार्डेड सुतासाठी ढोबळमानाने 1.2 किलो धरा. जास्त विंचरलेल्या कोम्ब्ड सुताला याहून जास्त लागते.

```
किलो सुतामागे रुईचा खर्च = खंडीचा भाव ÷ 356 × 1.2
स्प्रेड = सुताचा किलोचा भाव − किलो सुतामागे रुईचा खर्च
```

खंडी 60,000 रुपये असेल तर किलो सुतामागे सुमारे 202 रुपयांची रुई जाते. सूत 290 ला विकलं गेलं तर स्प्रेड 88 रुपये. तीच खंडी 1,00,000 रुपयांवर गेली की 337 रुपयांची रुई लागते. मग सूत 400 ला विकलं तरी स्प्रेड 63 रुपयेच राहतो. सुताने उच्चांक केला आणि गिरणी मात्र आधीपेक्षा कमी कमावते आहे, अशी ही अवस्था.

2022 साली थोडंफार असंच झालं. करोनानंतर जगभरातून कपड्यांची मागणी उसळली आणि 2021 मध्ये गिरण्यांचे स्प्रेड असे फुगले की बरीच वर्षं मंदीत काढलेल्या गिरण्यांचेही ताळेबंद सुधारले. मग रुई सुतामागून धावत आली. मे 2022 मध्ये खंडीने एक लाखाचा टप्पा ओलांडला. त्याआधी एप्रिलमध्येच केंद्र सरकारने कापसाच्या आयातीवरचं 11 टक्के शुल्क काही महिन्यांसाठी माफ केलं होतं, इतकी टंचाई होती. पण इतक्या महाग रुईचं सूत घेऊन टॉवेल किंवा कापड परवडेना. मागणी आटली, स्प्रेड आकसला आणि वर्ष संपेपर्यंत रुईही खाली आली.

आता वेळेचा हिशेब बघा. मार्च 2022 ला संपलेल्या वर्षाचे निकाल मे महिन्यात येतात, कारण वार्षिक निकाल जाहीर करायला कंपनीला साठ दिवस मिळतात. मे-जूनमध्ये ॲपवर दिसणाऱ्या पी/ईत मागच्या चारही भरघोस तिमाही बसलेल्या असतात आणि बाजारातला स्प्रेड तोवर खाली आलेला असतो. पी/ई सर्वांत लहान दिसतो तो तेजी ओसरल्यावर.

एक गिरणी पूर्ण उलगडून

आता काल्पनिक गिरणी घेऊ, म्हणजे गोल आकड्यांत हिशेब करता येईल. ती वर्षाला एक कोटी किलो सूत विकते. व्याज आणि घसाऱ्यासकट खर्च किलोला 80 रुपये. बाजारात तिचे एक कोटी शेअर आहेत. साध्या वर्षात तिला 90 रुपये स्प्रेड मिळतो, म्हणजे किलोला 10 रुपये, करापूर्वी 10 कोटी नफा. कर पंचवीस टक्के धरला तर उरले साडेसात कोटी, शेअरमागे साडेसात रुपये.

तेजीच्या वर्षी सूत सरासरी 330 ला गेलं आणि वापरलेल्या रुईची सरासरी किंमत 60,000 रुपये खंडी पडली. स्प्रेड 128, त्यातून खर्च 80 वजा, किलोला 48 रुपये, करापूर्वी 48 कोटी. कर गेल्यावर 36 कोटी, शेअरमागे 36 रुपये. भाव 150, पी/ई चारच्या जरा वर. सुरुवातीचा मोहात पाडणारा आकडा तो हाच.

हे 48 कोटी आले कुठून? इथे थांबून खोलात जायला हवं, कारण बहुतेक लोक इथेच फसतात.

गिरण्या हंगामात रुई भरून ठेवतात. आपल्या गिरणीने चार महिन्यांची रुई 55,000 च्या भावाने घेऊन ठेवली होती आणि ती वापरायला काढली तेव्हा बाजारात खंडी 75,000 झाली होती. सूत विकलं गेलं महाग रुईच्या हिशेबाने, रुई मात्र जुन्या भावाची. चार महिन्यांचं सूत म्हणजे सुमारे 33 लाख किलो, त्याला रुई लागली 40 लाख किलो, म्हणजे 11,200 खंडीच्या आसपास. खंडीमागे 20,000 रुपयांची बचत धरली तर हा फायदा जवळजवळ 22 कोटींचा. याला साठ्यावरचा नफा म्हणतात. तो सूत कातून मिळालेला नाही, गोदामात पडलेल्या मालाचा भाव वाढल्यामुळे मिळालेला आहे आणि एकदाच मिळतो.

म्हणजे 48 कोटींची फोड अशी झाली: साध्या वर्षात मिळालेच असते ते 10 कोटी, तेजीत वाढलेल्या स्प्रेडचे 16 कोटी आणि साठ्याचे 22 कोटी. पहिला भाग टिकाऊ. दुसरा मागणी ओसरली की जातो. तिसरा नुसता जात नाही, तो उलटतो.

कसा, तेही बघू. तेजी टिकेल या भरवशावर गिरणीने पुढचा चार महिन्यांचा साठा 75,000 ने भरला आणि वापरायच्या वेळी खंडी 60,000 वर आली. त्याच 11,200 खंडींवर 15,000 रुपयांचा फटका, म्हणजे सुमारे 17 कोटी. त्यात स्प्रेड 84 वर आलेला, म्हणून कताईतून फक्त 4 कोटी सुटतात. वर्षाचा निकाल 13 कोटी तोटा. गिरणी तीच, यंत्रं तीच, माणसंही तीच, आणि एका वर्षात 48 कोटींच्या नफ्यावरून 13 कोटींच्या तोट्यावर.

कंपनीच्या निकालात साठ्यावरचा नफा वेगळा दाखवलेला नसतो. तो ओळखायचा असेल तर ताळेबंदात साठ्याची रक्कम बघा. विक्री झालेले किलो तितकेच आहेत, पण साठ्याची रक्कम दीडपट झाली, तर महाग रुई गोदामात जाऊन बसली आहे आणि भाव पडले की ती पुढच्या निकालात बोलणार आहे. व्यवस्थापनाच्या विश्लेषकांबरोबरच्या चर्चेचा मजकूर कंपनी शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर टाकते. त्यात किती महिन्यांची रुई कोणत्या भावाने आहे, हा प्रश्न कोणी ना कोणी विचारलेला असतो.

साधारण नफा काढताना टक्क्यांच्या नादी लागू नका

आता शेअरचा भाव साध्या वर्षाच्या नफ्याशी लावायचा. 150 भागिले साडेसात म्हणजे वीस. जो शेअर चार पी/ईला दिसत होता, तो खरं तर साधारण कमाईच्या वीसपट भावाने विकला जातोय. मंद वाढीच्या, कर्जावर चालणाऱ्या गिरणीसाठी हा भाव स्वस्त नाहीच.

साधारण नफा काढायची जी रीत सगळीकडे सांगतात, ती म्हणजे दहा वर्षांच्या नफ्याच्या टक्क्यांची सरासरी घ्या आणि आजच्या विक्रीला लावा. सूतगिरणीसारख्या धंद्यात ही रीत फसवते. साध्या वर्षात आपली गिरणी सूत 240 ला विकायची, विक्री 240 कोटी, नफा 10 कोटी, म्हणजे चार टक्क्यांहून थोडा जास्त. तेच टक्के तेजीच्या 330 कोटी विक्रीला लावले तर जवळजवळ 14 कोटी येतात. हे वरचे चार कोटी हवेतले आहेत. विक्री वाढली ती भावामुळे, किलो तेवढेच आहेत, आणि किलोमागे कातण्याची मजुरी ग्राहक सुताच्या भावाच्या टक्क्यांत देत नाही. म्हणून हिशेब किलोवर करा: विकलेले किलो गुणिले किलोमागचा साधारण नफा. कंपनी उत्पादन किलोत किंवा टनांत सांगत असेल तर काम सोपं. सांगत नसेल तर विक्रीला त्या वर्षीच्या सुताच्या सरासरी भावाने भागून अंदाज काढा.

या रीतीलाही मर्यादा आहे. गिरणीने मधल्या काळात सूत कातणाऱ्या चात्या दुप्पट केल्या असतील, तर जुन्या किलोंची सरासरी तिच्यावर अन्याय करते. अशा वेळी किलो आजचे घ्या आणि किलोमागचा नफा जुना घ्या. वीजबिल कमी करणारा सौर प्रकल्प लागला असेल तर किलोमागच्या नफ्यात त्याचे पैसे मिळवा, पण फक्त त्याचेच. ‘आता दिवस बदलले, हे स्प्रेड कायमचे आहेत’ असं कंपनी म्हणत असेल तर त्याला एकही रुपया देऊ नका. प्रत्येक तेजीच्या टोकाला हे वाक्य ऐकू येतं.

नव्या चात्या आणि त्यांचं कर्ज

तेजीत हातात पैसा येतो, बँक दारात येते आणि मालक विस्ताराची घोषणा करतो. आपल्या गिरणीने 120 कोटींचं कर्ज काढलं असं धरा. दहा टक्क्यांनी वर्षाचं व्याज 12 कोटी. साध्या वर्षाचा करापूर्वीचा नफा 10 कोटी होता, हे आठवा. नव्या चात्यांनी आधी हे व्याज कमवायचं, मग भागधारकाला काही उरायचं. आणि त्या चालू होतात यंत्रं मागवून, शेड बांधून, वर्ष-दीड वर्षाने, जेव्हा शेजारच्या गिरणीच्या नव्या चात्याही सूत ओतत असतात. स्प्रेड खाली खेचणाऱ्या गोष्टींमध्ये ही एक मोठी गोष्ट आहे.

पी/ईत यातलं काही दिसत नाही. ताळेबंदात दोन ओळी बघा: कर्ज आणि चालू भांडवली काम, म्हणजे अजून पूर्ण न झालेल्या शेड-यंत्रांत अडकलेले पैसे. दोन्ही एकदम उसळल्या असतील, तर साधारण नफ्यातून नव्या कर्जाचं व्याज वजा करून हिशेब पुन्हा मांडा. नव्या किलोंचा नफा तेव्हाच मिळवा, जेव्हा ते किलो खरोखर विकले जाऊ लागतील. उलट एखाद्या गिरणीने तेजीच्या पैशातून कर्ज फेडलं असेल, तर तो नफा गेला तरी मागे काहीतरी ठेवून गेला. अशा कंपनीचं नाव वहीत लिहून ठेवावं.

सोलापुरातून दिसणाऱ्या खुणा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवणारे एक अण्णा माझ्या ओळखीचे आहेत. शेअरमध्ये त्यांना रस नाही. त्यांना मी एकदा विचारलं, “अण्णा, सुताची तेजी संपत आली हे तुम्हाला कशावरून कळतं?” भाव सांगतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “भावाचं सोड. उधारी बघ की. तेजीत आधी पैसे टाकल्याशिवाय सुताचा कोन हलत नाही. मग एक दिवस एजंटच फोन करतो, माल पाठवू का, पैसे महिन्याने द्या. भाव कागदावर तोच असतो, पण तिथून खाली यायला लागलाच म्हणून समज.”

त्यांचं म्हणणं हिशेबाला धरून आहे. भाव उतरायच्या आधी अटी सैल होतात, कारण जाहीर भाव कमी करायला कोणालाच आवडत नाही. म्हणून सूत खरेदी करणाऱ्या ओळखीच्या माणसाला भाव विचारण्यापेक्षा तीन प्रश्न विचारा: रोखीची अट सुटली का, मागवलेला माल किती दिवसांत येतो, आणि कारखान्यात एक पाळी बंद केली का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर सुताचा भाव ग्राहकाला परवडेनासा झालेला आहे. हेच मग दोन तिमाहींनंतर गिरणीच्या ताळेबंदात ‘येणी’ या ओळीत दिसतं: विक्री तेवढीच आणि येणी वाढलेली.

एका गावावरून सगळ्या बाजाराचा अंदाज बांधू नये, हेही खरं. निर्यातीवर चालणाऱ्या गिरणीला बांगलादेश आणि चीनची मागणी सोलापूरपेक्षा कितीतरी महत्त्वाची. तिथे दर महिन्याचे निर्यातीचे आकडे बघावे लागतात.

मोठ्या कंपनीलाही हे चुकत नाही

हे छोट्या गिरण्यांचंच दुखणं आहे असं वाटू नये म्हणून पोलादाकडे एक नजर. टाटा स्टीलने 2021-22 मध्ये सुमारे 41,700 कोटी रुपये एकत्रित नफा कमावला. मार्च 2022 मध्ये शेअर तेराशे रुपयांच्या आसपास होता आणि पी/ई चारच्या घरात. 21 मे 2022 ला सरकारने पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर 15 टक्के निर्यात शुल्क लावलं आणि जूनमध्ये भाव साडेआठशेच्याही खाली गेला. पुढच्या वर्षी नफा आठ हजार कोटींवर आला, त्याच्या पुढच्या वर्षी जवळजवळ 4,900 कोटींचा तोटा झाला. त्यात ब्रिटनमधल्या कारखान्याच्या फेररचनेचा खर्च मोठा होता. आणि त्या तोट्याच्या वर्षाअखेरीस शेअरचा भाव, मधल्या काळात एका शेअरचे दहा झाले ते हिशेबात घेऊन, चार पी/ईच्या दिवसांपेक्षा वर होता. चार पी/ईला घेतलेल्याला आधी मोठी घसरण सोसावी लागली, आणि पी/ई दिसतच नव्हता त्या वर्षी शेअर वर गेला. दोन्ही वेळा पी/ईने काहीच सांगितलं नाही.

मग घ्यायचं कधी

आपल्या गिरणीकडे परत. तोट्याच्या वर्षी शेअर समजा 75 वर आला. पी/ईच्या जागी नुसती रेघ. पुढच्या वर्षी ती कसेबसे करापूर्वी 5 कोटी कमावते, शेअरमागे पावणेचार रुपये. भाव 80 झाला तर पी/ई एकवीस. ॲपवर बघणारा म्हणतो, महाग आहे. पण साधारण साडेसात रुपयांच्या कमाईवर 80 म्हणजे अकरापटीहून कमी. पी/ई चार असताना जो शेअर साधारण कमाईच्या वीसपट होता, तो आता त्याच मापाने अर्ध्या भावात मिळतोय.

यात पहिली अट जगण्याची. मंदीच्या वर्षातही व्याज, कर आणि घसारा जायच्या आधीचा नफा व्याजाच्या निदान दीडपट असावा आणि पुढच्या दोन वर्षांत फेडायचे हप्ते हाताबाहेरचे नसावेत. वर सांगितलेल्या 120 कोटींच्या कर्जाची गिरणी या अटीत अडकते आणि तिचा शेअर 75 ला आला तरी स्वस्त म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट पुस्तकी किमतीची, म्हणजे कंपनीच्या मालमत्तेतून देणी वजा जाऊन जे उरतं त्याची. या धंद्यात मी भाव आणि पुस्तकी किमतीचं गुणोत्तर पी/ईपेक्षा वरचं मानतो, कारण यंत्रं आणि जमीन नफ्यासारखी वर्षाला पाचपट-सहापट हलत नाहीत. गेल्या दहा वर्षांत हे गुणोत्तर कोणत्या पट्ट्यात फिरलं ते लिहून काढा आणि आजचा आकडा त्या पट्ट्याच्या खालच्या तिसऱ्या भागात येईपर्यंत थांबा. तिसरी खूण पुन्हा बाजारातली: रुई स्थिर असताना स्प्रेड दोन-तीन महिने सलग वाढतोय आणि एजंटने उधारीचे दिवस कमी करायला सुरुवात केली आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मगच थोडी खरेदी करायची आणि बाकीची पुढच्या दोन निकालांवर ठेवायची.